e^x = 3x आणि न्यूटनची पद्धत: प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

प्रकल्पासाठी `e^x = 3x` हे समीकरण आज निश्चित केले. दिसायला ते अगदी लहान आहे, पण बेरीज, गुणाकार, घातांक आणि लॉगॅरिदम यांच्या नेहमीच्या चाली वापरून `x` एकट्याला एका बाजूला काढता येत नाही, कारण तो एकीकडे घातांकात आणि दुसरीकडे गुणक म्हणून बसलेला आहे. म्हणून उत्तर अंकांनीच काढावे लागते. मात्र अंक काढायला बसण्यापूर्वी मुळे आहेत का, असल्यास किती आणि साधारण कुठे, हे ठरवले पाहिजे, कारण न्यूटनची पद्धत दिलेल्या बिंदूपासून पुढे चालते आणि आणखी एखादे मूळ शिल्लक आहे का, हे ती स्वतःहून सांगत नाही.

याचे सर्वांत नेटके उत्तर आलेखातून मिळते. आरंभबिंदूतून जाणारी आणि `e^x` या वक्राला स्पर्श करणारी एकच रेषा आहे, ती म्हणजे `y = ex`, आणि तिचा स्पर्शबिंदू `x = 1` येथे आहे. आपली रेषा `y = 3x` हीदेखील आरंभबिंदूतूनच जाते, पण तिचा चढ ३ आहे आणि तो २.७१८ पेक्षा थोडा अधिक आहे. त्यामुळे ती वक्राला नुसता स्पर्श न करता दोन ठिकाणी छेदते. चढ ० आणि `e` यांच्या दरम्यान असता, तर एकही छेदनबिंदू मिळाला नसता.

तेच फलनाच्या भाषेत मांडायचे, तर `f(x) = e^x - 3x` घेतल्यावर अवकलज `e^x - 3` येतो आणि तो `x = ln 3`, म्हणजे सुमारे १.०९८६ येथे शून्य होतो. तेथे `f` ची किंमत `3 - 3 ln 3`, म्हणजे सुमारे −०.२९५८ आहे आणि ती फलनाची न्यूनतम किंमत आहे. दुसरा अवकलज `e^x` नेहमीच धन असल्यामुळे वक्र सर्वत्र वरच्या दिशेने वळत जातो. `f(0) = 1`, `f(1) = e - 3` ऋण आणि `f(2) = e^2 - 6` पुन्हा धन, म्हणून एक मूळ ० आणि १ यांच्यामध्ये, दुसरे १ आणि २ यांच्यामध्ये, आणि तिसरे मूळ असणे शक्य नाही.

४ डिसेंबर

सूत्र मांडले. हाती असलेल्या `x` पाशी वक्राला स्पर्शिका काढायची आणि ती क्ष-अक्षाला जिथे छेदते तो नवा `x` मानायचा, एवढीच पद्धत आहे. आपल्या फलनासाठी ती अशी लिहिता येते:

```
x_new = x - (e^x - 3x) / (e^x - 3)
      = e^x (x - 1) / (e^x - 3)
```

दुसरे रूप कॅल्क्युलेटरवर सोयीचे आहे, कारण `e^x` एकदा काढून स्मृतीत ठेवले की बाकी दोन वजाबाक्या, एक गुणाकार आणि एक भागाकार उरतो. प्रोग्रॅममध्ये मात्र पहिलेच रूप ठेवायचे ठरवले. मुळाजवळ पोहोचल्यावर त्यातील वजा होणारी दुरुस्ती फारच लहान असते आणि तिच्यात शेवटच्या अंकांचा थोडा घोळ झाला तरी उत्तराला धक्का लागत नाही.

शून्यापासून सुरुवात केली. `x = 0` असताना `e^x` १ आहे, म्हणून नवा `x` = (−१) ÷ (−२) = ०.५. पुढे `e^0.5` = १.६४८७२१२७, त्याचा −०.५ शी गुणाकार −०.८२४३६०६४, भाजक −१.३५१२७८७३ आणि भागाकार ०.६१००५९६६. त्यानंतरच्या किमती कॅल्क्युलेटरऐवजी प्रोग्रॅममधून घेतल्या:

```
n   x_n
0   0
1   0.5
2   0.6100596550
3   0.6189967798
4   0.6190612834
5   0.6190612867
```

खरे मूळ ०.६१९०६१२८६७३५९४५ आहे. प्रत्येक पायरीवर मुळापासूनचे अंतर पाहिले, तर ते ०.११९, ०.००९०, ०.००००६४५ आणि ०.००००००००३४ असे कमी होत जाते, म्हणजे बरोबर अंकांची संख्या दर पायरीला सुमारे दुप्पट होते. हे टेलरच्या विस्तारातून समजते. मुळाजवळ नवी त्रुटी ही जुन्या त्रुटीच्या वर्गाला `f''/(2f')` या संख्येने गुणून मिळते. या मुळापाशी `e^x` म्हणजेच `3x`, अर्थात १.८५७१८, त्यामुळे तो गुणक १.८५७१८ ÷ (२ × −१.१४२८२) = −०.८१२५ येतो. तिसऱ्या पायरीची त्रुटी ०.००००६४५ आहे. तिचा वर्ग करून ०.८१२५ ने गुणले की सुमारे ०.००००००००३४ मिळते आणि ती तक्त्यातील चौथ्या पायरीशी जुळते. गुणक ऋण असल्याचा अर्थ असा, की पुढचा बिंदू मुळाच्या डावीकडेच पडेल, आणि तक्त्यातील सर्व किमती खरोखरच डावीकडून वर चढत आलेल्या आहेत.

५ डिसेंबर

दुसऱ्या मुळासाठी २ पासून सुरुवात केली आणि १.६८३५१८२६, १.५४३४८१९७, १.५१३४८८६२, १.५१२१३७२५, १.५१२१३४५५ अशा किमती मिळाल्या. मूळ १.५१२१३४५५१६५७८४२. येथे गुणक १.४७६ आहे, म्हणजे पहिल्या मुळाच्या मानाने मोठा. या मुळापाशी वक्राचा उतार तुलनेने तीव्र असूनही वक्रता त्याहून अधिक वाढलेली आहे, आणि वेग या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरतो. या वेळी सर्व किमती उजवीकडून खाली उतरत आल्या.

एक ऐतिहासिक टीप पुस्तिकेच्या समासात घालावी असे वाटते. न्यूटनने १६६९ मध्ये ही पद्धत `x^3 - 2x - 5 = 0` या बहुपदी समीकरणावर चालवली होती आणि त्यात अवकलज असा शब्दच नव्हता. जोसेफ रॅफसन याने १६९० मध्ये ती एकाच सूत्राची पुनरावृत्ती म्हणून मांडली, पण त्याचीही मांडणी बहुपदींपुरतीच होती. आपल्यासारख्या, बहुपदी नसलेल्या समीकरणांना लागू पडणारे अवकलजाचे रूप थॉमस सिम्पसन याच्या १७४० च्या लेखनात येते. तेव्हा आज आपण जे करत आहोत, त्यावर सिम्पसनचा हक्क निदान न्यूटनइतका तरी आहे.

९ डिसेंबर

मुळे मिळाली असली तरी प्रकल्पाचा खरा विषय आजपासून सुरू होतो, असे म्हणावे लागेल. मार्गदर्शक प्राध्यापकांनी विचारले, "सुरुवात ० आणि २ पासूनच का केली? विद्यार्थी दोन्ही मुळांच्या मधला एखादा अंक घेईल, तेव्हा काय होईल?" प्रश्न रास्त होता, कारण दोन मुळांच्या मधला आकडा ही सर्वांत स्वाभाविक निवड वाटते आणि नेमकी तीच येथे सर्वांत वाईट आहे.

प्रथम `x = 1` घेतला. दुसऱ्या रूपात अंशामध्ये `(x - 1)` असल्यामुळे नवा `x` बरोबर शून्य येतो आणि पुढे ४ डिसेंबरचाच तक्ता सुरू होतो. यामागचे कारण सुंदर आहे. `e^x` ची `x = 1` येथील स्पर्शिका आरंभबिंदूतून जाते, `3x` ही रेषाही तेथूनच जाते, म्हणून दोहोंच्या फरकाची स्पर्शिका क्ष-अक्षाला आरंभबिंदूतच छेदणार. म्हणजे १ हा बिंदू मोठ्या मुळापेक्षा लहान मुळाला थोडासाच जवळ असला, तरी त्याचे पहिले पाऊल लहान मुळाला ओलांडून पार पलीकडे पडते.

त्यानंतर `x = 1.1` घेतला. हा `ln 3` च्या किंचित उजवीकडे आहे. `e^1.1` = ३.००४१६६०२, त्यामुळे अवकलज केवळ ०.००४१६६०२ आणि `f` = −०.२९५८३३९८. यांचा भागाकार −७१.०१११ असल्यामुळे नवा `x` ७२.१११ येतो. स्पर्शिका जवळजवळ आडवी असल्यामुळे ती क्ष-अक्षाला खूप दूर जाऊन छेदते, इतपत पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. पण तेथून पुढे काय होते, हे सहसा लिहिलेले नसते, म्हणून ते सविस्तर नोंदवतो.

सूत्राची मांडणी थोडी बदलली, तर असे दिसते:

```
x_new = x - 1 + 3(x - 1) / (e^x - 3)
```

`x` मोठा असताना `e^x` प्रचंड असतो आणि शेवटचे पद नगण्य होते, म्हणजे प्रत्येक पायरीला `x` जवळजवळ नेमका १ ने कमी होतो. ७२.१११ नंतर ७१.१११, मग ७०.१११, असे करत करत ५ च्या आसपास येईपर्यंत हा क्रम मोडत नाही. एरवी दर पायरीला अंक दुप्पट करणारी पद्धत येथे जिन्याच्या एकेक पायरीने खाली उतरते. पाचाच्या खाली आल्यावर शेवटच्या पदाला वजन येते आणि ५.१७, ४.२४, ३.३९, २.६६, २.१०, १.७४, १.५६ असे करत ती १.५१२१ ला पोहोचते. सारे मिळून पंचाहत्तरहून अधिक पायऱ्या लागतात.

त्याचा व्यावहारिक परिणाम असा: पायथॉनच्या `scipy.optimize.newton` मध्ये पायऱ्यांची पूर्वनिश्चित मर्यादा ५० आहे. अवकलज दिला आणि १.१ पासून सुरुवात केली, तर ते फलन ५० पायऱ्यांनंतर थांबते आणि उत्तर न मिळाल्याची सूचना देते. त्या क्षणी `x` सुमारे २३.१११ असतो. ही सूचना वाचून पद्धत फसली किंवा समीकरणाला मूळ नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल, कारण प्रवास योग्य दिशेने चाललेला असतो आणि फक्त मर्यादा अपुरी पडलेली असते. ओळखण्याची खूण साधी आहे. शेवटच्या काही किमती छापून पाहाव्यात. त्यांच्यातील फरक जवळजवळ १ असेल, तर आपण घातांकी फलनाच्या चढावर आहोत, हे नक्की समजावे.

११ डिसेंबर

आज `ln 3` ची डावी बाजू तपासली. `x = 1.09` घेतल्यास अवकलज −०.०२५७३ आहे आणि पहिले पाऊल −१०.४०५ ला नेते. ही उडीही मोठी आहे, पण पुढचे पाऊल ०.०००११५ वर येते, त्यापुढचे ०.५ च्या आसपास, आणि मग नेहमीचा तक्ता. डावीकडे कितीही दूर गेलो तरी `e^x` नाहीसा होतो आणि `f` जवळजवळ −3x ही सरळ रेषा उरते. सरळ रेषेची स्पर्शिका म्हणजे ती रेषाच, त्यामुळे एका पावलात शून्याजवळ पोहोचता येते. −१००० पासून सुरुवात केली, तरी पहिले पाऊल ० वरच येते. म्हणजे एकाच किमान बिंदूच्या दोन बाजूंना पद्धतीचा स्वभाव अगदी वेगळा आहे: डावीकडची उडी एका पावलात भरून निघते, उजवीकडची उडी पावला-पावलाने फेडावी लागते.

मग मुख्य प्रश्न उरतो: कोणत्या सुरुवातीपासून कोणते मूळ मिळते? अनेक फलनांसाठी याचे उत्तर गुंतागुंतीचे असते, पण येथे ते एका वाक्यात देता येते, आणि त्याची सिद्धताही छोटी आहे. वक्र सर्वत्र वरच्या दिशेने वळत असल्यामुळे कोणतीही स्पर्शिका संपूर्णपणे वक्राच्या खाली राहते. म्हणून स्पर्शिका जिथे क्ष-अक्षाला छेदते तेथे वक्र अक्षावर किंवा अक्षाच्या वर असतो, म्हणजेच पहिल्या पावलानंतरचा प्रत्येक बिंदू दोन मुळांच्या मधल्या पट्ट्याबाहेर असतो. सुरुवात `ln 3` च्या डावीकडे असेल, तर स्पर्शिका उतरती असते आणि तिचा छेदनबिंदू लहान मुळाच्या डावीकडे पडतो. तेथून पुढे `f` धन आणि अवकलज ऋण असल्यामुळे प्रत्येक पाऊल उजवीकडे पडते, पण मूळ ओलांडत नाही. असा वाढत जाणारा आणि मर्यादित क्रम थांबला पाहिजे, आणि तो केवळ मुळापाशीच थांबू शकतो. उजवीकडची बाजू याच युक्तिवादाने मोठ्या मुळाकडे जाते.

म्हणून `ln 3` हा बिंदू वगळल्यास प्रत्येक सुरुवात कोणत्या तरी मुळाला पोहोचते, आणि कोणत्या, हे फक्त ती `ln 3` च्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरते, कोणते मूळ जवळ आहे यावर नाही. ५ डिसेंबरच्या नोंदीतील "उजवीकडून खाली उतरत आल्या" हे निरीक्षण आता सिद्ध झाले.

१२ डिसेंबर

वरील सिद्धता कागदावरच्या गणितासाठी आहे. संगणकात `e^x` ला कमाल मर्यादा असते. पायथॉनमधील साध्या दशांश संख्यांसाठी घातांक सुमारे ७०९.७८ च्या वर गेला की `exp` चे उत्तर मावत नाही. `ln 3` च्या उजवीकडे किती जवळून सुरुवात केल्यास पहिले पाऊल या मर्यादेपलीकडे जाईल, याचा अंदाज असा काढला: `ln 3` पासूनचे अंतर `d` असेल, तर अवकलज साधारण `3d` आणि उडी ०.२९५८ ÷ `3d` एवढी असते. ती ७०९ च्या आसपास ठेवल्यास `d` सुमारे ०.०००१४ येतो. म्हणजे १.०९८६१ ते १.०९८७५ या अरुंद पट्टीत सुरुवात केली तर प्रोग्रॅम कोसळतो.

उदाहरणार्थ १.०९८७ घेतल्यास नवा `x` ११२५ च्या आसपास जातो आणि `math.exp` तेथे `OverflowError` देते. `numpy` चे `exp` मात्र थांबत नाही. ते `inf` देते, पुढच्या भागाकारात `inf/inf` होऊन `nan` मिळतो, आणि केवळ इशारा छापून हिशेब पुढे चालू राहतो. मला त्यातले पहिले वागणे अधिक पसंत आहे, कारण त्यात बिघाड झालेली जागा तत्काळ दिसते. डावीकडे असा धोका नाही, कारण −११२५ चा घातांक फक्त शून्य होतो आणि शून्याने हिशेब बिघडत नाही.

१६ डिसेंबर

उजव्या बाजूचा संथपणा टाळण्यासाठी समीकरणाचे रूप बदलून पाहिले. दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला की `x = ln(3x)` मिळते आणि त्यावरचे न्यूटनचे पाऊल असे होते:

```
x_new = x (ln(3x) - 1) / (x - 1)
```

मुळे तीच आहेत, पण दूरचा प्रदेश पूर्णपणे बदलतो. १०० पासून सुरुवात केली, तर पहिलेच पाऊल ४.७५१ वर येते, मग २.०९९, १.६०४, १.५१६७, १.५१२१५ आणि त्यापुढे मूळ. मूळ रूपात हेच अंतर कापायला शंभराहून अधिक पायऱ्या लागल्या असत्या. १.१ पासूनही पहिले पाऊल ७२ ऐवजी २.१३३ वर पडते. कारण उघड आहे: `x - ln(3x)` हे फलन दूरवर जवळजवळ सरळ रेषेसारखे असते, आणि सरळ रेषेवर न्यूटनला काही कष्ट पडत नाहीत.

मात्र हा लाभ फुकट मिळत नाही. नव्या फलनाचा किमान बिंदू `ln 3` येथे नसून १ येथे आहे, आणि ते शून्याच्या डावीकडे अस्तित्वातच नाही. सुरुवात `e/3`, म्हणजे ०.९०६१, आणि १ यांच्या मध्ये असेल, तर `ln(3x)` १ पेक्षा मोठा आणि `x - 1` ऋण असल्यामुळे नवा `x` ऋण येतो, आणि पुढच्या पावलाला ऋण संख्येचा लॉगॅरिदम मागितला जाऊन पायथॉन `ValueError` देतो. कागदावरही येथे पद्धत थांबते. ११ डिसेंबरच्या सिद्धतेला फलन सर्वत्र परिभाषित असण्याचा आधार होता, तो येथे नाही. तेव्हा निष्कर्ष असा नोंदवला: मोठ्या मुळासाठी आणि उजवीकडून सुरुवात करताना लॉगॅरिदमचे रूप, लहान मुळासाठी मूळ घातांकी रूप.

१८ डिसेंबर

थांबण्याचा निकष ठरवला. प्रोग्रॅमचा गाभा आता असा आहे:

```python
from math import exp

def newton(x, c=3.0, tol=1e-12, max_iter=100):
    for n in range(1, max_iter + 1):
        e = exp(x)
        new = x - (e - c*x) / (e - c)
        if abs(new - x) < tol:
            return new, n
        x = new
    raise RuntimeError("max_iter")
```

दोन लागोपाठच्या किमतींमधील फरक हा निकष येथे योग्य आहे, कारण मुळाजवळ तो फरक म्हणजे जुन्या किमतीची त्रुटीच असते, आणि परत दिली जाणारी नवी किंमत त्याहून कितीतरी अचूक असते. शून्यापासून सुरुवात केल्यास सहाव्या फेरीला प्रोग्रॅम थांबतो, जरी पाचव्या फेरीतच उत्तर पूर्ण अचूक झालेले असते. शेवटची फेरी केवळ खात्रीसाठी खर्च होते.

तरीही, मिळालेले उत्तर स्वतंत्रपणे पडताळले पाहिजे, असा आग्रह मी धरला. सर्व किमती एकाच बाजूने येत असल्यामुळे क्रमाचा शेवटचा आकडा मुळाची फक्त एक बाजू बांधतो. दुसरी बाजू बांधण्यासाठी थोडे पुढे जाऊन चिन्ह तपासायचे. ०.६१९०६१ वर `f` सुमारे +०.००००००३३ आहे आणि ०.६१९०६२ वर सुमारे −०.००००००८२. चिन्ह बदलले, म्हणजे मूळ या दोहोंच्या मध्येच आहे, आणि या विधानाला न्यूटनच्या पद्धतीवर विश्वास ठेवण्याची गरज नाही. आणखी एक पडताळणी लँबर्टच्या `W` फलनाने, म्हणजे `w e^w = z` असताना `z` वरून `w` देणाऱ्या फलनाने, केली. `e^x = 3x` चे रूपांतर `(-x) e^(-x) = -1/3` असे होते, त्यामुळे `x = -W(-1/3)`. `scipy.special.lambertw` मध्ये शाखा क्रमांक ० आणि −१ देऊन दोन्ही मुळे मिळाली आणि दिलेल्या सर्व अंकांपर्यंत जुळली.

२३ डिसेंबर

शेवटचा भाग म्हणून ३ च्या जागी `c` ठेवून `e^x = cx` पाहिले. `c` जसजसा `e` च्या जवळ येतो तसतशी दोन मुळे १ पाशी एकमेकांकडे सरकतात. `c = 2.72` असताना ती सुमारे ०.९६४९ आणि १.०३६० येथे आहेत. ४ डिसेंबरला −०.८१ असलेला गुणक येथे −१४ च्या आसपास जातो, म्हणून त्रुटी साधारण ०.०७ च्या खाली येईपर्यंत अंक दुप्पट होण्याचा लाभ सुरूच होत नाही.

`c = e` असताना मुळे एकत्र येतात आणि वेग कायमचा मंदावतो. शून्यापासून ०.५८१९८, ०.८०५५१, ०.९०५९० अशा किमती येतात. मूळ १ असल्यामुळे त्रुटी ०.४१८, ०.१९४, ०.०९४ आहे, म्हणजे दर पायरीला ती सुमारे निम्मी होते. त्याहून महत्त्वाचे असे, की अचूकतेलाच छत पडते. मुळाजवळ `f` हा त्रुटीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून त्रुटी ०.०००००००१ असतानाच `f` इतका लहान होतो की १६ अंकांच्या हिशेबात तो शून्यापासून वेगळा ओळखता येत नाही. अशा वेळी `f` ची किंमत पाहून "सोळा अंक मिळाले" असे म्हटले, तर प्रत्यक्षात आठच अंक खरे असतात.

`c` ही ० आणि `e` यांच्या दरम्यानची संख्या असेल, तर वास्तव मूळ नाही, पण पद्धतीला ते माहीत नसते. `c = 2.7` दिल्यास ती किमान बिंदूजवळ जाते, तेथून कुठे तरी दूर फेकली जाते, पुन्हा परतते आणि `max_iter` संपेपर्यंत हेच करत राहते. म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला `c` धन असल्यास तो `e` पेक्षा मोठा आहे का, हे तपासणारी एक ओळ घातली.

सुरुवातीचे बिंदूही आता `c` वरूनच ठरतात. लहान मुळासाठी शून्य नेहमीच चालतो, कारण तेथे `f` १ आहे आणि `c > e` असताना तो `ln c` च्या डावीकडे आहे. पहिले पाऊल `1/(c-1)` येते. मोठ्या मुळासाठी `2 ln c` निवडला. तेथे `f = c(c - 2 ln c)` आणि `c - 2 ln c` कधीही शून्य किंवा ऋण होत नाही, कारण त्याची न्यूनतम किंमत `c = 2` येथे २ − १.३८६ = ०.६१४ आहे. म्हणजे हा बिंदू मोठ्या मुळाच्या उजवीकडेच असतो, किमान बिंदूपासून पुरेसा लांब असतो, आणि `exp` ची मर्यादा ओलांडण्याइतका दूरही जात नाही. `c = 3` साठी तो २.१९७ येतो, तेथे `e^x` बरोबर ९ आहे, आणि पहिले पाऊल ९ × १.१९७२ ÷ ६ = १.७९५८, हे हातानेही काढता येते. `c = 1000` साठी सुरुवात १३.८२ आणि मूळ ९.११८. पुस्तिकेच्या प्रात्यक्षिकात सुरुवातीचे हेच दोन बिंदू ठेवले आहेत, आणि १.१ ची सुरुवात वेगळा प्रश्न म्हणून दिली आहे.